रेनिरा बेलाची कोण लागते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी मालिकांवरची प्रश्नमंजूषा असते. गेल्या खेपेला ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’वर प्रश्न होता : रेनिरा ही बेलाची कोण? पर्याय होते आत्या, चुलत बहीण, मामी आणि सावत्र आई. उत्तर छापून आलं ‘सावत्र आई’. ते बरोबरच आहे, पण चारांतले तीन पर्याय बरोबर आहेत, आणि त्यावरून आमच्याकडचं जेवण साडेतीनपर्यंत लांबलं.

झालं असं की मुलाने ‘चुलत बहीण’वर खूण केली होती आणि मी ‘सावत्र आई’वर. सासूबाईंनी मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही, पण नात्यातली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवलेली. त्या म्हणाल्या, “मला नावं सांगू नकोस. कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाला दिली, तेवढं सांग.” मग जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर टार्गेरियन घराण्याची वंशावळ मांडली.

राजा व्हिसेरिस आणि डेमन हे सख्खे भाऊ. रेनिरा व्हिसेरिसची मुलगी, बेला डेमनची. म्हणजे दोघी चुलत बहिणी; मुलगा जिंकला. बेलाची आई लेना. ती गेल्यावर डेमनने सख्ख्या पुतणीशी, रेनिराशीच लग्न केलं. म्हणजे सावत्र आई, मीही जिंकले. मी आवरायला उठले तर सासूबाईंचं बोट पानावर तसंच. “या रेनिराचा पहिला नवरा कोण?” लेनॉर, लेनाचा सख्खा भाऊ. “अगं, मग आधी ती मामी नव्हती का त्या पोरीची?”

होती! आणि पर्यायांत नसलेलं चौथं नातंही होतं. रेनिराच्या थोरल्या मुलाशी, जेसेरिसशी, बेलाचं लग्न ठरलेलं असतं. म्हणजे रेनिरा होणारी सासूसुद्धा.

इंग्रजीत मामी, काकू, आत्या, मावशी सगळ्या एकाच शब्दात बसतात आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडंही एकाच. त्या शब्दावरून मराठी नातं ठरवायला गेलं की हमखास घसरायला होतं. आई किंवा बाप, मग त्यांचं भावंड, मग त्याचा जोडीदार, अशी एकेक पायरी चढत जावं. प्रत्येक वाटेने वेगळं नातं निघतं, आणि या घराण्यात लग्नं घरातल्या घरात होत असल्याने वाटाही पुष्कळ.

दुसरं, उत्तर मालिकेचं की पुस्तकाचं, ते लिहायला हवं. ही मालिका २०१८ साली आलेल्या ‘फायर अँड ब्लड’वर बेतलेली आहे. पुस्तकात लेनॉरचा खून होतो. म्हणजे मामी विधवा होऊन मग सावत्र आई होते. मालिकेत त्याच्या मरणाचं सोंग उभं करून त्याला समुद्रापार जाऊ देतात. (“म्हणजे मामा जिवंत असताना?” सासूबाईंनी भाताचा घास तसाच ठेवला.) बेला आणि जेसेरिसच्या लग्नाच्या बोलणीचंही तसंच. पुस्तकात ती मुलं अगदी लहान असताना, लेना हयात असतानाच होते. मालिकेत ती गेल्यावर पुष्कळ वर्षांनी. त्यामुळे ‘आधी सावत्र आई की आधी होणारी सासू’ असं विचारलंत, तर दोन्हीकडची उत्तरं उलटसुलट येतील. शिवाय हे पुस्तक इतिहासग्रंथाच्या थाटात लिहिलंय. बखरकार एकमेकांना खोडून काढतात, त्यात एक तर दरबारी विदूषक आहे. अशा ठिकाणी ‘अमुक बखरकार असं सांगतो’ एवढंच म्हणता येतं.

त्याच सदरातला आणखी एक प्रश्न ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या भविष्यवाणीतल्या ‘वचन दिलेल्या राजपुत्रा’चा होता. या मालिकांसाठी हाय व्हॅलिरियन ही भाषा डेव्हिड पीटरसन यांनी पूर्ण व्याकरणासह उभी केली. तिच्यात नामांची लिंगं चार : चांद्र, सौर, भौम आणि जलीय. स्त्री-पुरुष हा भेद त्यात येत नाही. सातव्या पर्वात राणी डेनेरिसची दुभाषी मिसांडे तेच सांगते, की भविष्यवाणीतल्या मूळ शब्दाचा अर्थ राजपुत्र किंवा राजकन्या, दोन्ही होतो. भविष्यवाणी डेनेरिसबद्दल आहे का, हा सगळा वाद त्या एका शब्दावर उभा आहे, आणि आपल्या प्रश्नात ‘राजपुत्र’ छापून तो आधीच मिटवून टाकला. ‘राजाचं अपत्य’ म्हटलं असतं तर मराठीतही काम भागलं असतं.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल, तर ती पाच नात्यांची छापा. पाचवं काल संध्याकाळी निघालं. लेनाची आई रेनिस ही व्हिसेरिसची चुलत बहीण. म्हणजे लेना आणि रेनिरा एका पिढीच्या, लांबच्या बहिणी, आणि रेनिरा बेलाची लांबची मावशी. कॅलेंडरचं पान अजून फ्रिजवर आहे. सासूबाई आता लेनॉरच्या माहेरच्या, चुकले, घरच्या बाजूला लागल्या आहेत.

आपली,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे