प्याद्याचा वजीर की घोडा?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतली, बागेतल्या बाकावर रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळणाऱ्या आजोबांची आणि अनोळखी तरुणाची कथा वाचली. दोघे महिनोन्महिने पट मांडतात, पण एकमेकांचे नाव विचारत नाहीत, हे पटले. मारलेली प्यादी आजोबा चष्म्याच्या डबीत टाकतात, हा तपशीलही बघून लिहिल्यासारखा आहे. शेवटचा डाव मात्र गळी उतरला नाही.

आजोबा लहानपणी वाड्यावर देशी पद्धतीने शिकले आणि आजही तसेच खेळतात, असे लेखकाने सुरुवातीलाच सांगितले आहे. देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल, तर राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. आणि प्यादे शेवटच्या पट्टीत पोचले की ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तेच मोहरे होते.

आता कथेतली स्थिती पाहा. आजोबांकडे राजा आणि एक प्यादे, तरुणाकडे राजा आणि एक उंट. प्यादे घोड्याच्या घरात शिरते, वजीर होते आणि तरुण आपला राजा आडवा करतो. आंतरराष्ट्रीय नियमाने ते बरोबरच आहे, वजिरापुढे एकट्या उंटाचा निभाव लागत नाही. पण आजोबांच्या नियमाने तिथे घोडा उभा राहायला हवा होता. घोडा विरुद्ध उंट म्हटल्यावर समोरच्याने हाताने मात ओढवून घेतली नाही, तर डाव बरोबरीतच सुटणार.

मग हे दोघे नेमके कोणत्या नियमांनी खेळत होते? पहिल्याच दिवशी तरुणाने प्यादे दोन घरे सरकवले असते आणि आजोबांनी त्याचे मनगट धरले असते. हा वाद कथेत कुठेच नाही, आणि मला तर तोच वाचायचा होता. (आमच्याकडे बाजूला उभे राहून चाली सांगणाऱ्यांनीही अशा वादात उडी घेतली असती.)

नियम बदलले की माणसाचा खेळ किती बदलतो, याचे उदाहरण मीर सुलतान खान. देशी पद्धतीत वाढलेल्या या खेळाडूने 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, तरी डावाची सुरुवात हीच त्याची कच्ची बाजू मानली जाई. प्यादी एकेक घर सरकवत सावकाश मांडणी करायची सवय असलेल्याला तिकडच्या सुरुवाती नव्यानेच शिकाव्या लागतात. कथेतले आजोबा मात्र पहिल्या पाच चालींतच घोडे, उंट बाहेर काढून हल्ला चढवतात!

लेखकाने कथा पुस्तकात घेताना निदान ते प्यादे वजिराच्या घरात न्यावे. मग दोन्ही नियमांनी वजीरच होईल आणि तरुणाला राजा आडवा करण्यावाचून गत्यंतर उरणार नाही.

— एक वाचक, सांगली