सिटिकॉर्पची गोष्ट पूर्ण सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अभियंता दिनाच्या भाषणांत आणि इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या व्यावसायिक नीतिमत्तेच्या तासाला न्यूयॉर्कच्या सिटिकॉर्प इमारतीचा दाखला हमखास दिला जातो. आपल्याच डिझाइनमधला दोष आपणहून सांगणारे इंजिनीअर म्हणून विल्यम लेमेझुरिए यांचे कौतुक होते. कौतुकाला ते पात्र आहेत, पण गोष्ट तिथे संपत नाही.

१९७७ मध्ये पूर्ण झालेली ही ५९ मजली इमारत सुमारे नऊ मजले उंच खांबांवर उभी आहे. जागेच्या एका कोपऱ्यात चर्च असल्यामुळे खांब कोपऱ्यांत न घेता प्रत्येक बाजूच्या मध्यावर घेतले. वाऱ्याचा जोर पेलायला भिंतींत तिरके पोलादी बाहू आहेत. त्यांचे जोड वेल्डिंगचे ठरले होते. बांधताना खर्च वाचवण्यासाठी बोल्टचे केले. लेमेझुरिए यांच्या कार्यालयाने बदल मंजूर केला, पण त्यांना स्वतःला तो १९७८ मध्ये कळला. त्याच सुमारास त्यांनी कोपऱ्यावर येणाऱ्या तिरक्या वाऱ्याचे गणित केले. शहराच्या नियमांत फक्त सरळ वारा तपासायची अट होती. तिरक्या वाऱ्याने काही बाहूंवरचा जोर ४० टक्क्यांनी वाढत होता आणि बोल्टवरचा ताण तब्बल १६० टक्क्यांनी.

४० चे १६० कसे झाले, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवायला हवे. समजा वारा बाहूला १०० ने ओढतो आणि इमारतीचे वजन त्याला ७५ ने दाबते. बोल्टच्या वाट्याला येतात उरलेले २५. वारा १४० झाला, तरी वजन ७५ च राहते. आता बोल्टवर ६५ येतात. वेल्डिंगच्या जोडात ही वाढ सामावली असती, बोल्टमध्ये नाही. इमारतीचे झोके कमी करणारे वरच्या मजल्यावरचे यंत्र विजेअभावी बंद पडले, तर सरासरी १६ वर्षांत एकदा येणारे वादळही तिला पाडू शकेल, असा त्यांचा अंदाज निघाला. (अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील अभ्यासकांनी अलीकडे पुन्हा गणित केले, तेव्हा तिरक्या वाऱ्याचा धोका इतका मोठा नसावा असे दिसले. पण १९७८ मध्ये हे कोणाला ठाऊक नव्हते.)

लेमेझुरिए यांनी मालक बँकेला आणि शहराच्या अधिकाऱ्यांना सांगितले. दोनशेच्या वर जोडांवर दोन इंच जाडीच्या पट्ट्या वेल्ड करून बसवल्या गेल्या. हे काम रात्री चालायचे, दिवसा त्याच मजल्यांवर कर्मचारी बसायचे. रेड क्रॉसबरोबर आसपासची वस्ती हलवण्याची योजना तयार होती, पण त्या वस्तीला तिचा पत्ता नव्हता. सप्टेंबरच्या सुरुवातीला ‘एला’ चक्रीवादळ किनाऱ्याकडे आले आणि समुद्रातच वळले. वृत्तपत्रांना दिलेल्या निवेदनात धोक्याचा उल्लेख नव्हता. ऑगस्टपासून तर न्यूयॉर्कची मोठी वृत्तपत्रे संपामुळे बंदच होती. खरी हकिकत १९९५ मध्ये एका साप्ताहिकातून बाहेर आली.

अमेरिकी इंजिनीअरांच्या आचारसंहितेत लोकांची सुरक्षितता सर्वांत वर आहे. अशिलाची गुप्तता तिच्या खाली येते. बँकेला आणि शहराला सांगून लेमेझुरिए यांनी हे कर्तव्य बरेचसे पाळले. पण ज्यांच्या डोक्यावर इमारत पडली असती, त्यांना काहीच कळू दिले नाही. घबराट उडेल ही सबब मला पटत नाही. वादळ जवळ असताना त्या भागात राहायचे की नाही, हे ठरवायचा हक्क रहिवाशांचा होता.

तिथल्या व्यावसायिक इंजिनीअरांच्या राष्ट्रीय संस्थेच्या नीतिमंडळासमोर पुढे असाच प्रश्न आला. भाडेकरूंनी मालकावर दावा लावला होता. मालकाच्या वकिलाने नेमलेल्या इंजिनीअरला इमारतीत असे गंभीर दोष सापडले, ज्यांचा दाव्यात उल्लेखच नव्हता. वकील म्हणाला, गप्प बसा, आणि तो गप्प बसला. मंडळाने त्याला दोषी धरले. उलट, केवळ खर्चाच्या उधळपट्टीबाबतच्या दुसऱ्या प्रकरणात ओरड करणे कर्तव्य नसून सदसद्विवेकाचा प्रश्न आहे, असे त्याच मंडळाने म्हटले होते. ही रेघ मला योग्य वाटते.

मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट होते आणि त्या कामात हा पेच रोजचा आहे. पैसे सोसायटी देते, अहवाल आधी तिच्याच हाती जातो. इमारत ‘सी-१’, म्हणजे तातडीने रिकामी करण्याजोगी निघाली, तर ‘साहेब, जरा दुरुस्तीत बसवा ना’ असे सुचवले जाते. पुनर्विकास हवा असला की चांगली इमारतही ‘सी-१’ करून मागतात, तो दबाव उलट्या दिशेचा. म्हणून ऑडिटरने नेमणूकपत्रातच कलम घालावे: तातडीचा धोका दिसल्यास मी वॉर्ड ऑफिसला आणि प्रत्येक सदनिकाधारकाला थेट लेखी कळवीन. आज असा आग्रह धरणाऱ्याला काही सोसायट्या काम देणार नाहीत. ते टाळायचे, तर महापालिकेने हे कलम सर्वच ऑडिटरांना सक्तीचे करावे.

– एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनीअर, ठाणे