सूचना: मूळ दाखले इमिग्रेशन कार्यालयाला टपालाने पाठवताना
सभासदांनो, कार्यालयाने मूळ प्रत मागितली असेल तरच ती पाठवा. जन्मदाखला असेल तर आधी महानगरपालिकेतून दुसरी प्रमाणित प्रत काढून घरी ठेवा. मूळ दाखला टपालात गहाळ झाला तर खरा आधार त्या प्रतीचाच. दोन्ही बाजू रंगीत स्कॅन करा, कारण अपोस्टिलचे स्टिकर बहुधा मागे असते.

पत्त्यात पीओ बॉक्स असेल तर खासगी कुरिअर सहसा चालत नाही. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट करा. पावतीवरच्या 13 अक्षरी क्रमांकाचा (शेवटी IN) लगेच फोटो काढा, शाई पुसट होते.

ट्रॅकिंग अडकले तर पावतीसह टपाल खात्यात तक्रार नोंदवा आणि तिची प्रत अर्ज क्रमांक घालून इमिग्रेशन कार्यालयाला पाठवा, म्हणजे मुदतवाढ मागता येते.