फोटोसोबत साइज आणि नगही लिहा

नमस्कार. चवथ जवळ आली, दुकानात गर्दी आहे. पाइपचं सामान हवं असल्यास फोटो जरूर पाठवा, पण त्याखाली साइज आणि नग टाइप करा. नुसत्या फोटोत अर्धा इंची आणि पाऊण इंची एल्बो सारखाच दिसतो. साइज पाइपवरच छापलेली असते, ती बघून असं लिहा: 'सीपीव्हीसी एल्बो, पाऊण इंच, ४ नग'.

फोटो उजेडात काढा, रंग कळला पाहिजे. गरम पाण्याचा सीपीव्हीसी पिवळसर, साधा यूपीव्हीसी पांढरा. दोन्ही अर्धा इंची असले तरी बाहेरची जाडी वेगळी, त्यामुळे एकाचा एल्बो दुसऱ्याला बसत नाही.

व्हॉइस मेसेज नको, काउंटरवरच्या गलक्यात ऐकूच येत नाही. सोल्युशन लावलेला माल परत घेणार नाही.