कुणाचा 'सर्व्ह' आणि किती बिस्किटांचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत पाकिटावरचा पोषणतक्ता कसा वाचावा, यावर अर्धं पान लेख आला आहे. विषय घेतलात, हे चांगलं केलंत. पण लेखातल्या चौकटीत दोन बिस्किटांचे 'पर सर्व्ह'चे आकडे शेजारी शेजारी छापून खाली लिहिलं आहे की, साखरेचा आकडा ज्यावर कमी, ते पाकीट घ्यावं. हे वाचल्यापासून मला चैन नाही. नेमकं असंच करून आमच्या घरात पाच महिने चुकीचं बिस्कीट आलं, आणि ते मीच आणत होते.

आमच्या मामंजींचं वय ७८. साखरेचा त्रास जुना आहे. सकाळी सहाला बिनसाखरेचा चहा आणि चार बिस्किटं, यात गेल्या कित्येक वर्षांत खंड नाही. पूर्वी साधी ग्लुकोजची बिस्किटं असायची. दिवाळीनंतर मी दुकानात दोन पाकिटं हातात घेऊन पाठीमागचं वाचलं. साध्यावर एका सर्व्हमध्ये ६ ग्रॅम साखर आणि सव्वातीन ग्रॅम फॅट. दुसरं सात धान्यांचं, गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेलं. त्यावर ३.३ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम फॅट. साखर जवळजवळ निम्मी आणि फॅटही कमी, मग विचार कसला करायचा? दीडपट पैसे देऊन मी ते घेतलं, आणि मामंजींना 'आता चार खाल्लीत तरी हरकत नाही' असं सांगितलंसुद्धा.

चूक कळली ती जाऊबाईंमुळे. त्यांनी विचारलं, "सर्व्ह म्हणजे किती बिस्किटं गं?" मला सांगता येईना. दोन्ही पाकिटं पुन्हा उलटली. तक्त्याच्या डोक्यावर अगदी बारीक अक्षरात सर्व्हिंग साईज दिलेली असते. साध्या बिस्किटाची होती २५ ग्रॅम, म्हणजे चार बिस्किटं. सात धान्यांच्या बिस्किटाची होती १५ ग्रॅम, म्हणजे दोन. मी चार बिस्किटांची साखर दोन बिस्किटांच्या साखरेशी ताडून पाहत होते! सर्व्ह केवढा धरायचा हे कंपनी ठरवते. दोन कंपन्यांचा सर्व्ह सारखाच असेल असं मुळीच नाही. तो लहान धरला की त्याखालचे सगळे आकडे आपोआप लहान दिसतात.

तुलना करायची तर ती १०० ग्रॅमच्या रकान्यात. पातळ पदार्थ असेल तर १०० मिलिलिटरच्या. तिथे वजन दोन्हीकडे एकच असतं. त्या रकान्यात साध्या बिस्किटाची साखर २४ ग्रॅम होती आणि सात धान्यांच्याची २२. म्हणजे फरक नावापुरता. आणि फॅट? साध्यात १३, सात धान्यांच्यात २०. त्यातलं सॅच्युरेटेड फॅट ६ च्या जागी ९. मी जे निम्मं समजून आणत होते, ते साखरेत जवळपास तेवढंच आणि फॅटमध्ये दीडपट निघालं.

पण एवढ्यावरही थांबून चालत नाही, कारण आमचे मामंजी १०० ग्रॅम खात नाहीत आणि कंपनीचा सर्व्हही खात नाहीत. ते चार बिस्किटं खातात. चार बिस्किटांचं वजन काढणं सोपं आहे. सात धान्यांचं पाकीट १५० ग्रॅमचं होतं आणि आत २० बिस्किटं निघाली. म्हणजे एक साडेसात ग्रॅमचं आणि चार ३० ग्रॅमची. खात्रीसाठी कोपऱ्यावरच्या दुकानदारांच्या काट्यावर चार ठेवून बघितली, काट्याने ३० दाखवले. आता १०० ग्रॅमला २२, तर ३० ग्रॅमला ६.६ ग्रॅम साखर. फॅट ६ ग्रॅम. जुन्या चार बिस्किटांतून त्यांच्या पोटात ६ ग्रॅम साखर आणि सव्वातीन ग्रॅम फॅट जात होतं. दीडपट पैसे मोजून मी साखर वाढवली आणि फॅट जवळजवळ दुप्पट केलं. त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून पाच महिने मुकाट्याने ते खाल्लं, याचं मला फार वाईट वाटतं.

लेखात टक्क्यांचा रकाना 'सोपा' म्हणून सुचवला आहे. तोही सर्व्हवरच काढलेला असतो. आमच्या पाकिटावर अ‍ॅडेड शुगरपुढे ७ टक्के होते, ते दोन बिस्किटांचे. शिवाय हे टक्के दिवसाच्या २००० किलोकॅलरी आहाराला ५० ग्रॅम अ‍ॅडेड शुगर आणि ६७ ग्रॅम फॅट धरून काढतात. हा हिशेब सर्वसाधारण धडधाकट माणसाचा झाला. डायबेटिसच्या म्हाताऱ्या माणसाने चार बिस्किटं खाल्ल्यावर त्या ५० ग्रॅममधले ४३ ग्रॅम अजून शिल्लक आहेत असं समजायचं का? त्याच्यासाठी शुगरच्या वरची ओळ जास्त महत्त्वाची, कार्बोहायड्रेटची. साखर हा त्याचाच एक भाग. आमच्या दोन्ही पाकिटांवर १०० ग्रॅमला अनुक्रमे ७७ आणि ६६ होते. साखर सोडून उरलेला बराचसा मैदा-पिठाचा स्टार्च, आणि पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं बघून एवढंच सांगितलं की बिस्कीट कुठलंही असो, चारची दोन करा. लेखात कार्बोहायड्रेटची ही ओळ कुठेच नाही.

उलट दह्याला तुमच्या लेखकांनी विनाकारण दोषी ठरवलं आहे. साध्या दह्याच्या डब्यावर टोटल शुगर ४-५ ग्रॅम दिसते ती दुधाची अंगची साखर. खाली अ‍ॅडेड शुगर शून्य असते. श्रीखंडाच्या डब्यावर दोन्ही ओळी वाचल्या की फरक लगेच कळतो. आणि 'साखर नाही, फक्त गूळ' म्हणणाऱ्या पाकिटांबद्दल निदान कोल्हापूरच्या वर्तमानपत्राने तरी लिहायला हवं होतं. गूळ आमच्या जिव्हाळ्याचा आहे, पण त्यातही बहुतेक साखरच असते, आणि ती त्याच तक्त्यात शुगरच्या ओळीत दिसते.

आणखी एक. परवा एका मोठ्या दुकानात पाकीट उलटलं, तर किमतीचं स्टिकर बरोबर तक्त्यावर डकवलेलं. नखाने खरवडलं, तर त्याच्याबरोबर १०० ग्रॅमच्या रकान्याची छपाईही निघून आली. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "मावशी, मागं मोकळी जागा असते म्हणून तिथं लावतो." ती जागा मोकळी नसते. दुकानदारांना हे तुम्ही छापून सांगा.

आणि ती चौकट १०० ग्रॅमच्या आकड्यांसह पुन्हा छापा, ही कळकळीची विनंती. अक्षर जरा मोठं ठेवा. मामंजींना ती स्वतः वाचायची आहे.

आपली नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर