शुफ्याचा हक्क सरसकट शेजाऱ्याला नाही

‘घर विकताना शेजाऱ्याचा हक्क’ या लेखात, मुस्लिम कायद्यानुसार लगतच्या शेजाऱ्याला शुफ्याचा, म्हणजे परक्याच्या आधी ती मिळकत विकत घेण्याचा (अग्रखरेदीचा) हक्क असतो, असे सरसकट म्हटले आहे. ते बरोबर नाही. हे मत सुन्नी मुस्लिमांच्या चार पंथांपैकी हनफी पंथाच्या शास्त्रकारांचे. त्यांच्या मते आधी सहहिस्सेदार, मग वाट किंवा पाणी सामाईक असलेला आणि शेवटी लगतचा शेजारी, असा क्रम लागतो. शाफई, मालिकी व हंबली पंथ मात्र फक्त सहहिस्सेदाराला हा हक्क देतात. हद्दी आखून वाटा वेगळ्या झाल्या की शुफा संपला, या हदीसवर, म्हणजे पैगंबरांच्या वचनावर, त्यांची भिस्त आहे. समजा, दोन भावांनी वाटणी करून घराच्या मधोमध भिंत घातली आणि एकाने आपला भाग परक्याला विकला. हनफी मतानुसार दुसरा भाऊ शेजारी म्हणून तेवढीच किंमत देऊन तो भाग मागू शकेल, शाफई मतानुसार नाही. आपल्या कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई आहेत, याचा लेखकाला विसर पडलेला दिसतो. शिवाय भाऊराम विरुद्ध बैजनाथ खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारावर आधारलेला हक्क घटनाबाह्य ठरवला, सहहिस्सेदाराचा मात्र कायम ठेवला.

— एक वाचक, रत्नागिरी