मंद्या, एसएसडीला डीफ्रॅग नको, ट्रिम बघ

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज मिळाला. जुन्या लॅपटॉपला ५०० जीबीची एसएसडी टाकलीस, दुकानवाल्याने जुन्या हार्डडिस्कचं जसंच्या तसं क्लोन करून दिलं आणि आता लॅपटॉप झटक्यात चालू होतोय, भारीच काम झालं. पण शेवटी जे विचारलंयस ना, की दर रविवारी चालणारं ते डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर क्लोनबरोबर इकडेही आलंय तर चालू देऊ का, त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर दोन ओळीत दिलं असतं तर तू "बरं" म्हणून सोडून दिलं असतंस, म्हणून सविस्तर लिहितोय. आधी ते बंद कर, त्याचं रविवारचं शेड्यूल काढून टाक, जमलं तर सॉफ्टवेअरच उडव. मग निवांत पुढचं वाच.

तू इतकी वर्षं डीफ्रॅग करत होतास ते अगदी बरोबर होतं बरं का. तुझी जुनी डिस्क ५४०० आरपीएमची, म्हणजे तबकडीचा एक फेरा साधारण ११ मिलिसेकंदांचा. फाइलचा पुढचा तुकडा दुसरीकडे असेल तर आधी आर्म तिकडे सरकणार, त्याला १२ एक मिलिसेकंद, मग तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, असे एका तुकड्यामागे १७ मिलिसेकंद नुसते जाण्यायेण्यात. फाइलचे हजार तुकडे झाले असतील तर १७ सेकंद गेले, आणि यात प्रत्यक्ष वाचन धरलेलंच नाही. म्हणून सगळे तुकडे एका ओळीत आणून ठेवले की डिस्क पळायची.

एसएसडीत आर्म नाही, तबकडी नाही. कुठलाही तुकडा कुठूनही उचलायला ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी लागतो, म्हणजे तेच हजार तुकडे एकामागून एक वाचले तरी जेमतेम सेकंदाच्या दहाव्या भागात झाले, आणि ड्राइव्ह तर एकाच वेळी बऱ्याच चिप्समधून वाचते. मग ओळीत लावून वाचवायचं काय?

आणि खरं सांगायचं तर ते ओळीत लागतही नाही. विंडोजला ड्राइव्ह म्हणजे नंबर दिलेल्या कप्प्यांची एक लांब रांग दिसते, पण कुठल्या नंबरचा डेटा कुठल्या चिपच्या कुठल्या पानावर ठेवायचा हे ड्राइव्हच्या आतला कंट्रोलर ठरवतो, त्याचा स्वतःचा एक तक्ता असतो आणि तो सतत बदलत असतो. डीफ्रॅगच्या स्क्रीनवर ते निळे चौकोन एका बाजूला सरकताना बघायला छान वाटतं, मलाही आवडायचं, पण एसएसडीत ते चौकोन फक्त विंडोजच्या नंबरांचे असतात. चिपवर डेटा विखुरलेलाच राहतो. मुद्दाम विखुरतात, कारण त्यामुळेच एकाच वेळी अनेक चिप्सवरून वाचता येतं.

बरं, फायदा नाही, मग तोटा किती? उगाच घाबरवत नाही. एका डीफ्रॅगने ड्राइव्ह मरत नाही. ५०० जीबीच्या टीएलसी, म्हणजे एका सेलमध्ये तीन बिट साठवणाऱ्या, ड्राइव्हला ३०० टीबी लिहिण्याची हमी असलेली मॉडेल्स सर्रास मिळतात, आणि आठवड्याला ६० जीबी डेटा इकडचा तिकडे झाला तर वर्षाला ३ टीबी, म्हणजे त्या हमीतला एक टक्का. तेवढ्याने बिघडत काही नाही, पण मिळतही काहीच नाही, आणि ड्राइव्ह भरत आली असेल तर दुसरं एक दुखणं वाढतं. खरा मुद्दा तोच आहे, नीट बघ.

एसएसडीच्या चिप्स म्हणजे फ्लॅश मेमरी, आणि तिच्यात लिहायचं पानापानाने पण पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक एकदम, आणि एकदा लिहिलेल्या पानावर पुसल्याशिवाय परत लिहिता येत नाही. हिशोबासाठी समज एक पान १६ केबीचं आणि एका ब्लॉकमध्ये २५६ पानं, म्हणजे ४ एमबीचा ब्लॉक. आता त्यातली २०० पानं तू डिलीट केलेल्या एका सिनेमाची आहेत आणि ५६ तुझ्या चालू फाइल्सची. तुला वाटतं २०० पानं मोकळी झाली. पण वेगळा निरोप पाठवला नाही तर विंडोज डिलीट करताना फक्त स्वतःच्या यादीत "ही जागा रिकामी" असं लिहितं, ड्राइव्हला त्याचा पत्ताच नसतो. हार्डडिस्कला त्याने फरक पडत नव्हता, तिथे जुन्यावर थेट नवीन लिहिता यायचं. एसएसडीचं मात्र सोसायटीच्या वॉचमनसारखं होतं, भाडेकरू फ्लॅट सोडून गेलाय पण खाली कोणी सांगितलंच नाही, त्यामुळे तो रिकामा फ्लॅट राखत बसलाय आणि नवीन माणसाला जागा नाही म्हणून सांगतोय.

याची किंमत लिहिताना मोजावी लागते. ड्राइव्हला जागा हवी असली की ती एखादा ब्लॉक निवडते, त्यातली कामाची पानं दुसरीकडे कॉपी करते आणि मग ब्लॉक पुसते. सिनेमाची पानं रद्दी आहेत हे माहीत असेल तर ५६ पानं हलवली की २०० मोकळी. म्हणजे तुझी २०० पानं लिहायला एकूण २५६ लिहिली गेली, १.२८ पट. माहीत नसेल तर? समजा ड्राइव्हच्या हिशोबाने त्या ब्लॉकमध्ये फक्त २० पानं रद्दी आहेत, तर बाकीची २३६ पानं ती इमानदारीत कॉपी करणार, त्यात तो डिलीट केलेला सिनेमाही आला, आणि हातात जागा येणार २० पानांची. २० पानांसाठी २५६ चं लिखाण, जवळजवळ १३ पट! वेग यातच जातो आणि झीजही यातच होते. डीफ्रॅग अशा ड्राइव्हवर आणखी लिखाण लादतं, म्हणून मी त्याच्या एवढा विरोधात आहे.

ट्रिम म्हणजे फक्त तो निरोप. फाइल डिलीट झाली की विंडोज ड्राइव्हला कळवतं की अमुक ते अमुक नंबरांतला डेटा आता नकोय. ट्रिम काही लगेच पुसत नाही हं, हा गैरसमज खूप जणांचा असतो. ड्राइव्ह फक्त तक्त्यात ती पानं रद्दी म्हणून टाकते आणि सवडीने, लॅपटॉप नुसता चालू असताना, साफसफाई करते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, हे विंडोजमध्ये आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

मग तुला मुद्दाम का लिहितोय? तुझ्या क्लोनमुळे. दुकानवाल्याने सेक्टर टू सेक्टर कॉपी केली असेल तर जुन्या डिस्कवरची रिकामी जागासुद्धा कॉपी झाली, त्यात वर्षानुवर्षांचा डिलीट केलेला कचरा आला. तू म्हणतोस डेटा १८० जीबी आहे, पण तुझ्या ड्राइव्हच्या मते ती काठोकाठ भरलेली आहे. नवी कोरी ड्राइव्ह पहिल्याच दिवशी फुल. तेव्हा एवढं कर, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड आणि हे टाइप कर:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

NTFS च्या ओळीत 0 आलं तर ट्रिम चालू आहे. नाव उलटं आहे, 0 म्हणजे "कळवणं बंद केलेलं नाही". पण यातून फक्त विंडोज निरोप पाठवायला तयार आहे एवढंच कळतं. म्हणून नंतर पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून ही दे:

```
Optimize-Volume -DriveLetter C -ReTrim -Verbose
```

ही सगळ्या रिकाम्या जागेचा निरोप एकदम पाठवते, आणि शेवटी Total space trimmed पुढे आकडा येतो. विंडोजला तुझी ड्राइव्ह ४६५ जीबीची दिसते, त्यातून १८० गेले, म्हणजे पावणेतीनशे जीबीच्या आसपास काहीतरी दिसायला हवं. हार्डवेअर सपोर्ट करत नाही असा एरर आला तर मधे कुठेतरी निरोप अडतोय. यूएसबी केसमध्ये घातलेल्या एसएसडीचं असं बऱ्याचदा होतं, स्वस्तातल्या केसमधली चिप ट्रिम पुढे पाठवतच नाही. तुझी तर आत बसवलीय, तिथे अडायला नको.

मग स्टार्टमध्ये dfrgui टाइप करून Optimize Drives ची खिडकी उघड. C पुढे Solid state drive लिहिलंय का बघ. क्लोननंतर कधी कधी तिथे Hard disk drive असं जुनंच राहतं, आणि मग विंडोज स्वतःच डीफ्रॅग करायला लागतं. तसं असेल तर लॅपटॉप चार्जरला लावून ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये winsat formal चालव, बॅटरीवर ते चालत नाही, आणि परत बघ. नीट दिसलं की तिथलं आठवड्याचं शेड्यूल चालूच ठेव, बटणावर Optimize लिहिलेलं असलं तरी एसएसडीसाठी त्याचा अर्थ मुख्यतः हीच रीट्रिम. सिस्टीम रीस्टोअर चालू असेल तर विंडोज अधूनमधून थोडं खरं डीफ्रॅगही करतं, फाइलचे तुकडे फारच झाले की फाइल सिस्टीमच्या नोंदी फुगतात म्हणून. ते त्याच्या हिशोबाने क्वचित करतं, त्यात हात घालू नकोस.

अजून दोन सवयी सोड. सी ड्राइव्ह शेवटच्या दोन जीबीपर्यंत भरायची तुझी पद्धत आता नको, १०-१५ टक्के मोकळी ठेव, रद्दी गोळा करून ब्लॉक मोकळे करायला ड्राइव्हला तीच जागा लागते. आणि पुढे कधी फॉरमॅट करायची वेळ आली तर क्विक फॉरमॅटच कर, फुल फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहीत बसतं, नुसतं फुकटचं लिखाण.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यासाठी तर तुला फोनच करणार होतो. तू रीसायकल बिन बिनधास्त रिकामी करतोस, आणि चुकून काही गेलं की रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून परत आणतोस, काकूंच्या साठीचे फोटो तसेच तर आणले होतेस. हार्डडिस्कवर ते जमायचं कारण डेटा जागच्या जागी पडून असायचा. इथे बिन रिकामी केली की काही क्षणांत ट्रिम जातो, आणि त्यानंतर ती जागा वाचायला गेलास तर बहुतेक ड्राइव्ह सरळ शून्यं देतात, आत चिपवर अजून पुसलेलं नसलं तरी. सॉफ्टवेअर कितीही भारी असू दे, त्याला काही मिळणार नाही. म्हणून वरची रीट्रिमची कमांड देण्याआधी थांब आणि विचार कर, जुन्या डिस्कवरून डिलीट झालेलं आणि अजून हवं असलेलं काही आहे का. असेल तर आधी जुन्या डिस्कवर रिकव्हरी चालव, आणि सापडलेलं दुसऱ्या ड्राइव्हवर ठेव, त्याच डिस्कवर परत लिहू नकोस.

ती जुनी डिस्क दुकानवाल्याला एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली नाहीस ना? नसशील दिली तर यूएसबी केस घेऊन तिला बॅकअपला लाव, तिच्यावर हवं तर डीफ्रॅग चालव, ती अजूनही फिरणारी तबकडीच आहे.

दोन्ही कमांडचे स्क्रीनशॉट पाठव, dfrgui च्या खिडकीचाही. वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
संज्या